चौदा वाक्यांची माफी सात वाक्यांत

साड्यांच्या दुकानांत लग्नसराईच्या दिवसांत हमखास घडणारी एक गोष्ट घेऊ. एका बाईंनी भाचीच्या लग्नासाठी साडेआठ हजारांची रेशमी साडी घेतली. पिको-फॉलसाठी ती दुकानातच ठेवली, त्याचे १५० रुपये वेगळे दिले. गुरुवारी संध्याकाळी साडी मिळेल असं मालकांनी सांगितलं. बाई गुरुवारी आल्या, शुक्रवारी आल्या, आणि साडी हातात पडली ती शनिवारी रात्री, दुकान बंद होताना. लग्न रविवारी होतं. सकाळी नेसायला काढली तर खालच्या काठाला बोटबोट अंतरावर चुण्या. निऱ्या सरळ पडेनात. शेवटी कपाटातली जुनी साडी नेसून त्या लग्नाला गेल्या आणि सोमवारी दुकानदाराला फोन करून त्यांनी काय ते सुनावलं.

मालक भला माणूस आहे. त्यानं त्याच दिवशी लेटरहेडवर माफीचं पत्र लिहायला घेतलं. अशी पत्रं जशी असतात, तसंच ते झालं:

“माननीय ग्राहक, सप्रेम नमस्कार. आमच्या दुकानास चाळीस वर्षांची परंपरा असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ब्रीद आहे, हे आपण जाणताच. आजही अनेक ग्राहक परगावाहून मोठ्या विश्वासाने आमच्याकडे येतात. आपण आमच्या जुन्या व सन्माननीय ग्राहक आहात, याचा आम्हांस अभिमान आहे. काही अपरिहार्य कारणास्तव आपली साडी देण्यास विलंब झाल्याचे समजले. सध्या लग्नसराई असल्याने कामाचा प्रचंड ताण आहे. त्यातच आमच्याकडे पिको-फॉल करणाऱ्या ताई आजारी पडल्याने काम दुसरीकडे द्यावे लागले. दोन दिवस विजेचाही खोळंबा झाला. तरीही आमच्या कर्मचाऱ्यांनी अहोरात्र मेहनत घेऊन साडी आपणांस सुपूर्द केली. फॉलच्या कामात काही त्रुटी राहिली असल्यास व त्यामुळे आपली गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. आमच्याकडून असे सहसा घडत नाही. दर्जाबाबत आम्ही कधीही तडजोड करत नाही. आपल्या पुढील खरेदीवर आम्ही १० टक्के खास सवलत देऊ इच्छितो. यापुढे तक्रारीस जागा राहणार नाही, अशी ग्वाही देतो. आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती. कळावे, व्यवस्थापन.”

नमस्कार आणि ‘कळावे’ सोडले तर ही चौदा वाक्यं आहेत. यातलं एकही खोटं नाही. ताई खरंच आजारी होत्या, वीज खरंच गेली होती. तरीही हे पत्र वाचून बाईंचा राग वाढणार. का वाढणार, ते आधी नीट पाहू, कारण काय कापायचं आणि काय घालायचं हे त्यावरूनच ठरतं.

एक पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे ते कोणाबद्दल आहे ते लिहा: दुकानाबद्दल की बाईंबद्दल? परंपरा, परगावचे ग्राहक, कामाचा ताण, आजारपण, वीज, मेहनत, दर्जा, सवलत, ग्वाही हे सगळं दुकानाबद्दल. ‘आपण सन्माननीय आहात’ हे वाक्य वरवर बाईंबद्दल वाटतं, पण त्यातही अभिमान दुकानालाच आहे. बाईंच्या वाट्याला येतात जेमतेम दोन वाक्यं, उशिराचं आणि त्रुटीचं. त्यातही एकात ‘समजले’ आहे आणि दुसऱ्यात ‘असल्यास’. म्हणजे ज्या दोन गोष्टी नक्की घडल्या, त्याच तेवढ्या पत्रात अधांतरी आहेत. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी की पत्रात लग्न आहे ते फक्त लग्नसराईत, दुकानाची अडचण म्हणून. भाचीच्या लग्नाचा, ज्यासाठी साडी घेतली त्या दिवसाचा, उल्लेखच नाही.

म्हणून हे पत्र नुसतं निम्मं केलं तर भागत नाही. त्यातली बाकीची सगळी वाक्यं काढून टाकली आणि ‘विलंबाबद्दल व त्रुटीबद्दल दिलगीर आहोत, पुढील खरेदीवर १० टक्के सवलत’ एवढंच ठेवलं, तर ते थोडक्यात होईल, पण कोरडं होईल. छापील सूचनेसारखं. मोठं पत्र लहान करताना यातलं जवळजवळ सगळं जातं आणि जे नव्हतं ते आत येतं.

२०१६ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माफीचे सहा भाग पाडून लोकांना कोणता भाग किती पटतो ते तपासलं. हे सहा भाग म्हणजे खेद व्यक्त करणं, चूक कशी झाली ते सांगणं, ती आपली आहे हे कबूल करणं, पुन्हा असं करणार नाही म्हणणं, भरपाई देऊ करणं आणि क्षमा मागणं. लोकांच्या लेखी कबुलीचं वजन सर्वांत जास्त ठरलं, त्याखालोखाल भरपाईचं. सर्वांत कमी वजन होतं ते क्षमेच्या विनंतीला. आपल्या पत्राकडे या नजरेनं पाहा. कारणं भरपूर आहेत, ग्वाही आहे, लोभाची विनंतीही आहे. पण कबुली ‘असल्यास’मध्ये अडकलेली आणि भरपाई पुढच्या खरेदीवर टांगलेली. जागा कमी असेल तेव्हा आधी कबुली, मग भरपाई, आणि उरलं तर बाकीचं, हा क्रम धरला की लिहिणं सोपं होतं.

पण कबुली द्यायची तर काय चुकलं ते आधी मालकाला कळायला हवं. हे काम लिहिण्याआधीचं आहे, आणि बरेच जण नेमकं हेच टाळतात. फॉल म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून लावायची सुती पट्टी. निऱ्यांना वजन यावं आणि काठ जमिनीवर घासून फाटू नये म्हणून ती लावतात. काठाला चुण्या पडण्याची नेहमीची कारणं दोन. एक, कोरी सुती पट्टी आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतली नाही, तर पहिल्या धुण्यात ती आटते आणि काठाला आत ओढते. दुसरं, लावताना पट्टी ताणली गेली. ताणलेली पट्टी हात सुटला की मूळ लांबीवर येते आणि रेशीम गोळा होतं. आपल्या गोष्टीत साडी एकदाही धुतलेली नाही. मग पहिलं कारण बाद. शनिवारी दिवे लागल्यावर घाईघाईत कोणीतरी फॉल ताणून लावला, हेच उरतं. ज्यांनी काम केलं त्यांना एक फोन केला की खात्री होते.

हे कळण्याचे दोन फायदे आहेत. ‘काही त्रुटी’च्या जागी ‘फॉल ताणून लावला’ असं लिहिता येतं, आणि ते वाचताच बाईंना कळतं की या माणसानं साडीचा विचार केलाय. दुसरं म्हणजे दुरुस्ती काय होईल आणि काय होणार नाही, याचा अंदाज येतो. फॉल उसवून नवा लावता येतो. पण घट्ट विणीच्या रेशमी काठावर जुन्या टाक्यांची भोकं राहू शकतात. वाफेच्या इस्त्रीनं काही बुजतात, सगळी बुजतीलच असं नाही. ही शक्यता निरोपातच सांगून ठेवायला हवी. नाहीतर साडी परत गेल्यावर दुसरी तक्रार येते आणि ती पहिलीपेक्षा कडू असते.

आता चौदा वाक्यांवर हात फिरवू. परंपरा, परगाव, अभिमान, मेहनत, दर्जा ही पाच वाक्यं सरळ जातात. ती जाहिरातीत शोभतात, इथे नाही. ‘असे सहसा घडत नाही’ हेही जातं. दुकानाच्या दृष्टीनं ते खरं आहे, पण बाईंचं लग्नघर एकच होतं, तिथे हजारात एक असा हिशेब लागत नाही. लग्नसराई आणि वीज जातात. ताईंच्या आजारपणाचं काय? मालकाला ते ठेवावंसं वाटतं, कारण ते मुख्य कारण आहे. माझ्या मते तेही काढावं. बाईंनी पैसे दुकानाला दिले, ताईंना नाही. आजारी बाईचं नाव पुढे केलं की माफी मागणारा बाजूला होतो आणि दोष तिसऱ्याच माणसाच्या गळ्यात पडतो. बाईंनी विचारलंच तर फोनवर सांगावं. कारणाचा एकच तुकडा ठेवायचा, जो कबुलीला जोडून येतो: घाई झाली आणि घाई आम्ही केली.

१० टक्क्यांची सवलत काढावी का, यावर दुकानदार अडतात. काढावी. पुढच्या खरेदीवरची सूट म्हणजे बाईंनी आधी आणखी पैसे खर्च करायचे, मग त्यांना भरपाई मिळणार. ज्या साडीनं त्रास दिला, तिचं काय करणार ते आधी सांगायला हवं. सूट नंतर कधी द्यायची तर बिलात न बोलता द्यावी. ‘तक्रारीस जागा राहणार नाही’ ही ग्वाहीही जाते, कारण ती कोणालाच पाळता येत नाही. लोभाची विनंतीही जाते. राहिलं उशिराचं आणि त्रुटीचं वाक्य. त्यातलं ‘समजले’ आणि ‘असल्यास’ काढून कर्ता समोर आणायचा. विलंब आपोआप होत नाही, तो कोणीतरी करतं. इथे मालकानं ‘मी’ म्हणावं. शब्द त्यानं दिला होता.

मग आत काय येतं? दिलेला वार आणि प्रत्यक्ष दिला तो वार. काय बिघडलं ते. भाचीचं लग्न. आणि भरपाईत वेळ, काम, रक्कम या तिन्ही गोष्टी. निरोप असा होतो:

“ताई, नमस्कार. तुमची साडी गुरुवारी द्यायचा शब्द देऊन मी ती शनिवारी रात्री दिली. घाईत आम्ही फॉल ताणून लावला, म्हणून काठाला चुण्या पडल्या. भाचीच्या लग्नात तुम्हाला ती नेसता आली नाही, ही चूक माझी आहे. मला माफ करा. उद्या सकाळी अकराला मी स्वतः घरी येऊन साडी नेईन आणि नवा फॉल लावून शुक्रवारी संध्याकाळी आणून देईन. पिको-फॉलचे १५० रुपये परत करतो. काठावर सुईच्या खुणा राहिल्या किंवा ती साडी आता नकोच असेल, तर पूर्ण ८,५०० रुपये परत देईन.”

खाली मालकाचं नाव, दुकानाचं नाव. ‘व्यवस्थापन’ नको. ज्या माणसानं काउंटरवर उभं राहून गुरुवार सांगितला, त्याचंच नाव हवं. ‘ताई’ इथे चालतं कारण ओळख जुनी आहे. वयानं मोठ्या असतील तर ‘काकू’, पहिल्यांदाच आलेल्या असतील तर ‘मॅडम’. दुकानात ज्या हाकेनं बोलावता तीच हाक लिहावी. एरवी ‘काकू’ म्हणणारा माणूस माफी मागताना ‘माननीय ग्राहक’ म्हणू लागला, की समोरच्याला ते परकं वाटतं.

वाक्यांचा क्रमही पाहून घ्या. फोनवर निरोप आला की पडद्यावर पहिली एखाद-दुसरी ओळच दिसते. तिथे चाळीस वर्षांची परंपरा दिसली तर रागावलेलं माणूस ते उघडणारही नाही. ‘गुरुवारी द्यायचा शब्द देऊन मी ती शनिवारी रात्री दिली’ हे दिसलं तर उघडेल. चौथं वाक्य तीन शब्दांचं आहे, त्याला तेवढंच राहू द्यावं. ‘मनःपूर्वक’, ‘अंतःकरणापासून’ अशी क्रियाविशेषणं लावली की ते सैल होतं. आणि ‘माफ केलंत का?’ असं विचारू नये. उत्तर द्यायचं ओझं बाईंवर कशाला?

साध्या एसएमएसनं पाठवायचं असेल तर एक अडचण आहे. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात, तर रोमन अक्षरांत १६०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. वरचा निरोप त्यामुळे बऱ्याच तुकड्यांत जातो. तो एसएमएसला बसवण्यासाठी आणखी तोडू नये. व्हॉट्सॲपवर पाठवावा, किंवा जाडसर कागदावर हातानं लिहून साडी न्यायला जाताना सोबत द्यावा. हातानं लिहिलेलं मला जास्त आवडतं, पण मंगळवारी चिठ्ठी द्यायची म्हणून सोमवारची संध्याकाळ गप्प राहू नये. निरोप त्याच दिवशी जायला हवा.

शेवटच्या वाक्यावर, म्हणजे पूर्ण पैसे परत देण्यावर, मालक सर्वांत जास्त कचरतो. एवढं द्यायची काय गरज? आधी कायदा काय म्हणतो ते पाहा. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये, सदोष वस्तू परत घ्यायला किंवा सदोष सेवा रद्द करून पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत हे करायचं असतं. आपल्या गोष्टीत दोष फॉलच्या कामात आहे, साडी विणताना नव्हता. पण दुकानाच्या कामानं काठ कायमचा खराब झाला, तर ‘साडी चांगलीच होती’ या युक्तिवादावर बाई समाधान मानणार नाहीत, आणि मानू नये. बिलाखाली ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं म्हणून दुकान मोकळं होत नाही. ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. घटनेपासून दोन वर्षांपर्यंत ग्राहक आयोगाकडेही जाता येतं.

लेखी कबुली उद्या आपल्याच विरुद्ध वापरली जाईल, ही भीती खरी आहे, पण साडीच्या बाबतीत ती फारशी कामाची नाही. बिल, वार, चुण्या पडलेला काठ हे सगळं बाईंच्या हातात आहेच. निरोपानं त्यात नवीन काही सांगितलं जात नाही. उलट दुरुस्तीची तारीख आणि पैसे देण्याची तयारी लेखी असणं दुकानाच्याच बाजूचं ठरतं. हां, कोणाला इजा झाली असेल, दुकानातला पदार्थ खाऊन विषबाधा किंवा विकलेल्या उपकरणाचा शॉक, तर मात्र आधी माणसाची विचारपूस आणि मदत करावी, आणि जबाबदारीचं वाक्य लिहिण्याआधी वकिलाशी बोलावं. सात वाक्यांचा हा घाट तिथे पुरत नाही.

शब्द आणि पैसे यांत काय जास्त चालतं, याचीही प्रत्यक्ष पाहणी झाली आहे. जर्मनीत ईबेवरच्या एका विक्रेत्याच्या नाराज ग्राहकांवर हा प्रयोग झाला. त्यांनी दिलेला वाईट शेरा मागे घ्यावा म्हणून काहींची नुसती माफी मागितली, काहींना काही युरो देऊ केले. माफी मागितलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांनी शेरा मागे घेतला. पैसे देऊ केलेल्यांत हे प्रमाण त्याच्या जवळपास निम्मं होतं. पण पुढे उबरच्या सुमारे १५ लाख प्रवाशांवर झालेल्या प्रयोगात वेगळं दिसलं. उशिरा पोहोचलेल्या प्रवाशांना नुसत्या माफीच्या ईमेलनं फारसा फरक पडला नाही, पाच डॉलरच्या कूपननं पडला. आणि ज्यांची पुन्हा पुन्हा माफी मागावी लागली, तिथे माफी उलटली. मला यातून एवढंच दिसतं की माफी हा एक शब्द असतो, आणि दिलेला शब्द पुन्हा मोडला की ती नसल्यापेक्षा वाईट.

म्हणून निरोप गेल्यावरचं काम निरोपापेक्षा महत्त्वाचं. समजा, बाईंचं उत्तर आलं: “आता काय उपयोग? लग्न तर होऊन गेलं.” इथे मालकाचा हात पुन्हा कारणांकडे जातो. वीज, आजारपण, चाळीस वर्षं सगळं ओठांवर येतं. ते येऊ देऊ नये. “खरं आहे, ताई. तो दिवस मला परत देता येणार नाही. उद्या अकराला येतो,” एवढंच लिहावं आणि अकराला जावं. साडेअकराला नाही. साडी नेताना काठ बाईंसमोर उजेडात धरून पाहावा, चुण्या कुठे आहेत ते दोघांनी पाहून घ्यावं आणि १५० रुपये तिथेच द्यावेत. फॉलची पट्टी या वेळी भिजवून, वाळवून घ्यावी. शुक्रवारी परत देताना काठ पुन्हा त्यांच्यासमोर उलगडावा. सुईची भोकं दिसत असतील तर आपणच दाखवावीत आणि साडी ठेवायची की पैसे घ्यायचे, हे त्यांना ठरवू द्यावं. पैसे मागितले तर चेहरा न पाडता द्यावेत.

आणि इतकी रक्कम परत देणं झेपणार नसेल, तर सातवं वाक्य लिहू नका. त्या जागी जे नक्की देऊ शकता ते लिहा, निम्मे पैसे किंवा बदली साडी, आणि त्यालाही वार लावा. पण वार लिहिल्याशिवाय निरोप पाठवू नका.